वळणावर फुटणारा प्रकाश

परदेशीपुऱ्यातल्या वाचकाला ‘इंडस-2’ परकं नाही. इंदूरच्याच दुसऱ्या टोकाला, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, 172.5 मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला 17 लाखांहून जास्त फेऱ्या मारतात आणि वळता वळता क्ष-किरण सोडतात. अशा यंत्रावरचा इंग्रजी लेख मराठी मासिकासाठी उतरवताना आकड्यांचा त्रास होत नाही. अडतं ते उपमेपाशी.

रात्री वळण घेणारी मोटार ही इंग्रजीतली ओळखीची उपमा. ती आपल्याकडेही चालते. भेरूघाटातून रात्री गेलेल्याला सांगावं लागत नाही की गाडी वळत असते, पण दिव्याचा झोत नाकासमोर सरळ जातो. प्रकाशाची दिशा आणि त्याचा अरुंदपणा यातून नेमका कळतो. इंडस-2 मधला हा झोत दहा मीटरवर गेला तरी जेमतेम काही मिलिमीटर उंचीचा असतो. पण मोटारीचे दिवे सरळ रस्त्यावरही जळतात. इलेक्ट्रॉन सरळ धावताना असा प्रकाश देत नाही. चुंबकानं वाट वाकवली तरच देतो. म्हणजे ‘वळणावरच का?’ हा वाचकाचा प्रश्न तसाच राहतो.

मराठी लेखकाला इथे पटकन गोफण आठवते. मला ती घातक वाटते, कारण गोफणीतून धोंडाच सुटून जातो. वाचक समजतो, इलेक्ट्रॉनच बाहेर फेकले जातात. त्यापेक्षा पावसात भिजलेली छत्री गरगर फिरवून पाहावी. थेंब कडेवरून स्पर्शरेषेत उडतात, छत्री हातातच राहते. फिरवणं थांबलं की उडणंही थांबतं.

तरीही छत्री एका जागी फसवते. तिच्यावरचं पाणी आधीपासून तिथे असतं. इलेक्ट्रॉनवर प्रकाश साठलेला नसतो, तो त्याच्या ऊर्जेतून तिथल्या तिथे तयार होतो. एका फेरीत सुमारे चार हजारावा भाग ऊर्जा अशी खर्च होते. कड्यातल्या रेडिओ लहरींच्या पोकळ्या दर फेरीला धक्का देऊन ती भरून काढतात, नाहीतर काही हजारांश सेकंदांत सगळा खेळ आटोपेल. छत्री आणि इलेक्ट्रॉन यांच्यातला हा फरक मूळ लेखात नसला तरी अनुवादकानं घालावा असं माझं ठाम मत आहे, कारण छत्री त्यानं आणली आहे आणि तिची मर्यादा सांगणंही त्याच्याच वाट्याला येतं.

छत्री आणि मोटार एकाच परिच्छेदात मात्र आणू नयेत. प्रकाश का निघतो तिथे छत्री, तो कुठे जातो तिथे मोटार. मग विज्ञान न शिकलेल्या एखाद्याला मजकूर वाचायला द्यावा आणि विचारावं, कड्यातून बाहेर काय पडतं? ‘इलेक्ट्रॉन’ असं उत्तर आलं, तर तो परिच्छेद पुन्हा लिहायला घ्यावा.