६० हजारांचं बजेट असेल तर ६० हजारांचा लॅपटॉप घेऊ नका



परवाच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता: "सर, ६० हजार आहेत, एडिटिंगसाठी कोणता लॅपटॉप घेऊ?" मॉडेलचं नाव मी सांगणार नाही, कारण ते चार महिन्यांत जुनं होतं. पण माझं मत स्पष्ट आहे. ६० हजार असतील तर लॅपटॉप जास्तीत जास्त ४८ हजारांचा बघा आणि बारा हजार कार्ड आणि स्टोरेजसाठी आधीच बाजूला काढा. दुकानात गेल्यावर सेल्समन आपल्याला प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डवर खेळवतो, आपण सगळे पैसे तिथेच संपवतो आणि मग कार्ड घेतो रस्त्यावरचं. मी हेच केलं होतं.

माझ्या मसाल्याच्या दुकानात मागच्या खोलीत बॅच घेतो. सुरुवातीला एक दिवसभराची बॅच शूट केली, १२८ जीबीच्या कार्डवर. कार्ड बाजारात निम्म्या भावात मिळालं होतं. कॅमेरा कुठेच थांबला नाही, एरर आली नाही. रात्री लॅपटॉपला लावलं तर फाइलींची नावं सगळी दिसत होती, पण पहिल्या काही क्लिप सोडल्या तर एकही उघडेना. नंतर तपासलं तेव्हा कळलं, आत खरी मेमरी तीस जीबीसुद्धा नव्हती. अशा नकली कार्डाची चिप कॅमेऱ्याला "माझ्यात १२८ जागा आहे" असं खोटं सांगते. खरी जागा संपली की फाइलची नोंद होत राहते, पण आतला डेटा कुठेच लिहिला जात नाही किंवा आधीच्यावरच लिहिला जातो. त्या दिवशी आलेल्या लोकांना पुन्हा बोलावून शूट करणं शक्यच नव्हतं. ती बॅच गेली ती गेलीच.

म्हणून खरेदीची सुरुवात लॅपटॉपपासून करू नका, फुटेजपासून करा. तुमच्या मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर नेहमीच्या सेटिंगला बरोबर एक मिनिट शूट करा आणि त्या फाइलचा साइझ बघा. सगळा हिशोब त्या एका आकड्यावर उभा राहतो.

आमच्या बॅचमधल्या एका केक करणाऱ्या ताईंचं उदाहरण घेऊ. बजेट हेच, साठ हजार. आठवड्याला तीन व्हिडिओ, प्रत्येकासाठी साधारण ४० मिनिटं शूट. त्यांच्या फोनवर १०८०पीला एका मिनिटाची फाइल १३० एमबीची झाली. म्हणजे एका व्हिडिओचं फुटेज सव्वापाच जीबी. एडिट करताना तयार होणाऱ्या फाइली आणि फायनल व्हिडिओ धरून सात जीबी पकडा. महिन्याला तेरा व्हिडिओ म्हणजे ९० जीबी. आता लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी असेल तर विंडोज ती ४७६ दाखवतं. त्यातले शंभर विंडोज आणि सॉफ्टवेअरचे. थोडी जागा कायम रिकामी ठेवायला लागते, कारण एसएसडी काठोकाठ भरली की ती मंद होते. हातात राहिले तीनशे. म्हणजे तीन महिन्यांत लॅपटॉप भरला!

हेच ताईंनी फोर-के लावून बघितलं तर मिनिटाला ३५० एमबी आले. एका व्हिडिओचे १४ जीबी नुसतं फुटेज. दीड महिन्यात खेळ खलास. त्यांचे व्हिडिओ लोक मोबाइलवर बघतात, मग फोर-के कशाला? १०८०पीवर राहायचं ठरलं आणि त्या एका निर्णयाने लॅपटॉप, कार्ड, डिस्क सगळंच स्वस्तात बसलं.

आता लॅपटॉप. या कामाला मी आधी रॅम बघतो. १६ जीबी हवी. आठवाला घ्यायची वेळ आलीच तर पुढे वाढवता येईल असाच घ्या. दुकानात डेमो पीसवर Task Manager उघडा, Performance मध्ये Memory वर क्लिक करा. तिथे Form factor समोर SODIMM लिहिलं असेल तर रॅम काढता-घालता येते, आणि Slots used वर 1 of 2 असेल तर एक खाच रिकामी आहे. Row of chips लिहिलं असेल तर रॅम बोर्डावरच बसवलेली आहे. पातळ लॅपटॉपमध्ये हे फार दिसतं.

वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर चांगलंच, पण १०८०पीच्या साध्या कटिंगसाठी त्याच्यावर पंधरा-वीस हजार जास्त घालू नका. व्हिडिओ अडकत चालत असेल तर प्रॉक्सी वापरा. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची हलकी कॉपी. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून Generate Proxy Media दिलं की काम झालं. कटिंग हलक्या कॉपीवर होतं आणि फायनल व्हिडिओ मूळ फुटेजमधून निघतो. आधी तयार व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात मी गिऱ्हाईक बघून येतो.

कार्डाकडे वळू. पुढे कॅमेरा घेतलात तर कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेला वेग बघून भुलू नका. तो वेग कार्डावरून लॅपटॉपवर कॉपी करतानाचा असतो. शूटिंगसाठी लागतो लिहिण्याचा वेग, त्याची खूण म्हणजे V30. त्याचा अर्थ सेकंदाला कमीत कमी ३० एमबी. कॅमेरा १०० एमबीपीएसने रेकॉर्ड करत असेल तर आठने भागा, सेकंदाला साडेबारा एमबी होतात. म्हणजे V30 दुपटीने पुरतं, V60 किंवा V90 वर पैसे घालायचं कारण नाही. आणि २५६ चं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्या. अशा एका कार्डावर सुमारे ८५ मिनिटं बसतात आणि एक बिघडलं तर अर्धंच काम जातं.

कार्ड आणलं की त्याच दिवशी, परत करायची मुदत असताना, तपासा. विंडोजवर H2testw नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं. कार्ड रिकामं असताना चालवा, वेळ लागतो, लागू द्या. शेवटी Test finished without errors आलं तरच ते कार्ड वापरा. ६४ चं कार्ड ५९ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे.

उरलेल्या पैशांत ताईंनी १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घेतली. एडिटिंग कायम लॅपटॉपच्या एसएसडीवर करायचं, हार्ड डिस्कवरून थेट नाही. ती फिरणारी डिस्क आहे, मंद असते आणि चालू असताना टेबलावरून पडली तर बहुतेक कामातून जाते. व्हिडिओ अपलोड झाला की प्रॉक्सी डिलीट, मूळ फुटेज आणि फायनल फाइल डिस्कवर. या हिशोबाने त्यांना ती वर्षभर पुरेल. रोजच्या व्हिडिओला ही एक कॉपी चालते असं माझं मत आहे. पण लग्नाचं किंवा दुसऱ्याचं पैसे घेतलेलं काम असेल तर दुसरी डिस्क लागतेच, तिचा खर्च कोटेशनमध्ये लावा.

आणि शूट करून आल्यावर कार्ड लगेच फॉरमॅट करू नका. फुटेज लॅपटॉपवर आणि डिस्कवर, दोन्हीकडे घ्या, दोन-चार क्लिप शेवटपर्यंत चालवून बघा, मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथूनच फॉरमॅट करा. तुमच्या एका मिनिटाच्या फाइलचा साइझ आणि आठवड्याचे व्हिडिओ किती, हे दोन आकडे कमेंटमध्ये टाका, हिशोब आपण तिथेच करू.