फोन देताय? स्कॅन पुसलेत, पण Bin रिकामी केली का?

गेल्या दिवाळीत गर्दी होती म्हणून मी माझा फोन दोन दिवस डिलिव्हरीच्या पोराला दिला. देण्याआधी स्कॅनर ॲपमधले सगळे स्कॅन उडवले होते. संध्याकाळी पोरगा म्हणतो, “दादा, ड्राइव्हमध्ये कुणाकुणाची आधार कार्डं दिसतायत.” ॲप रिकामं होतं, पण क्लाउडवरच्या कॉपी तशाच होत्या!

माझं मत सरळ आहे. ग्राहकाने आधार आपल्या कामासाठी दिलंय, आपल्या माणसांना दाखवायला नाही. पोरगा कितीही विश्वासू असो, फोन हातातून जाण्याआधी स्कॅन पुसायचेच.

आधी जीएसटी सर्टिफिकेट, भाडेकरार अशी लागणारी कागदं पेन ड्राइव्हवर घ्या, कारण ड्राइव्हवरून फाइल गेली की त्या अकाउंटच्या सगळ्या फोनवरून जाते. मग ॲपमधले स्कॅन पुसा आणि नेट चालू ठेवून गूगल ड्राइव्हमधल्या फाइलीही पुसा.

बरेच जण इथेच थांबतात. पुसलेली फाइल ३० दिवस Bin मध्ये (काही फोनवर Trash) पडून असते. कुणीही Restore दाबलं की परत हजर. म्हणून तिथे जाऊन Delete forever करा.

खात्री करायची तर कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटने ड्राइव्ह उघडा आणि फाइलचं नाव शोधा. ड्राइव्हमध्ये नाही, Bin मध्येही नाही, मगच फोन द्या. आणि हो, व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी वेगळी असते, तीही पुसा.