सिंदखेड आधी की सिनगाव? शब्दकोशातील एका टिंबाचा वाद

१/ बुलढाणा जिल्ह्यातील पाच गावे घ्या : सिनगाव जहागीर, साखरखेर्डा, संग्रामपूर, सिंदखेड राजा, सवडद. त्यांना कोशक्रमाने लावायचे आहे. काम सोपे वाटते, पण अनुस्वारापाशी अडते.

२/ प्रथम निर्विवाद नियम. व्यंजनात दडलेला ‘अ’ सर्वांत आधी, मग आ ते औ या मात्रा आणि शेवटी पाय मोडलेले व्यंजन, म्हणजे जोडाक्षर. म्हणून सवडद आधी, साखरखेर्डा नंतर आणि ‘सि’ची गावे त्याहून पुढे. साखरखेर्डातील रफार ‘डा’च्या डोक्यावर दिसत असला, तरी क्रमात तो ‘ड’च्या आधीचा ‘र्’ होय.

३/ आता अनुस्वार. पहिली पद्धत त्याला त्या स्वराच्या आरंभी ठेवते : संग्रामपूर, सवडद, साखरखेर्डा, सिंदखेड राजा, सिनगाव.

४/ दुसरी, संस्कृत कोशांतील पद्धत त्याला पुढच्या वर्गाचे अनुनासिक मानते. सिंदखेड म्हणजे ‘सिन्दखेड’. सिनगावात ‘न’ पूर्ण आहे, येथे तो जोडाक्षरात आहे. म्हणून सिनगाव पुढे जाते आणि सिंदखेड मागे पडते. ‘सिंह’ मात्र आरंभीच राहतो, कारण ‘ह’ला स्वतःचे वर्गीय अनुनासिक नाही.

५/ तिसरी पद्धत बाराखडीची. तीत ‘सं’ हा ‘सौ’नंतर येतो, मग संग्रामपूर या यादीत थेट शेवटी जाईल. पण ‘सिं’ कोठे ठेवावा, हे बाराखडी सांगतच नाही.

६/ माझे मत पहिल्या पद्धतीच्या बाजूने आहे. मराठी वाचकाला पानावर टिंब दिसते, ‘न्’ दिसत नाही. शब्द शोधण्यासाठी आधी परसवर्णाचे व्याकरण शिकावे लागू नये. शिवाय संगणकाच्या युनिकोड तक्त्यातही अनुस्वार स्वर-व्यंजनांच्या आधी आहे. मात्र तो तक्ता आंधळेपणाने मानू नये : त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला लागून येतो, तर मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतर आहे.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाला याची झळ प्रत्यक्ष बसते. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ‘गांव’ सानुस्वार आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गाळले आणि शब्द ‘गाव’ झाला. अनुस्वार आरंभी धरला, तर ‘गांव’ हा ‘गा’च्या सुरुवातीला येतो आणि ‘गाव’ त्याच्या शेवटाकडे. मध्ये अनेक पाने जातात. एका जागी शब्द दिसला नाही, म्हणून ‘जुन्या मराठीत तो नव्हता’ असा निष्कर्ष काढणे ही केवळ शोधण्यातली चूक असू शकते.

८/ म्हणून कोणताही जुना कोश उघडताना आधी तीन शब्द तपासा : ‘अंत’ कोठे आहे, ‘क्षमा’ ही ‘क’मध्ये आहे की ‘ह’नंतर आणि ‘ज्ञान’ हे ‘ज’मध्ये आहे की अगदी शेवटी. एवढ्यावरून कोशकाराचा नियम कळतो. त्यानंतरच ‘शब्द सापडला नाही’ असे लिहावे.