फायबर वाढवा, पण किती दिवसांत?

एका सहकारी बँकेत काउंटरवर काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ. वार्षिक तपासणीत साखर काठावर आली आणि कोलेस्टेरॉल थोडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले, ‘आहारात फायबर वाढवा’. माणूस शिस्तीचा. रविवारी मंडईत जाऊन आला आणि सोमवारपासून सुरुवात केली. सकाळी पोह्यांऐवजी वाटीभर मोड आलेली कच्ची मटकी, लिंबू पिळून. दुपारच्या डब्यात काकडी, गाजर, बीट, कोबी असे दोन वेळचे पुरेल एवढे सॅलड. पोळीच्या पिठात आणि दह्यात मिळून चार मोठे चमचे गव्हाचा कोंडा. रात्री भात बंद, त्याजागी राजमा.

गुरुवारपर्यंत पॅंटचा पट्टा दोन भोके पुढे गेला. पोट ढोलासारखे ताणलेले, गुडगुड एवढी की शेजारच्या काउंटरला ऐकू जावी, आणि दिवसातून चार वेळा ‘जरा येतो’ म्हणून उठावे लागे. त्यांनी ॲसिडिटीची गोळी सुरू केली. फरक पडला नाही. शनिवारी छातीच्या खाली दडपल्यासारखे वाटले म्हणून रुग्णालयात ईसीजी काढला, तो सुदैवाने ठीक होता. गंमत म्हणजे एवढे ‘पोट साफ करणारे’ खाऊनही तीन दिवस शौचास नीट झाली नव्हती. आठव्या दिवशी त्यांनी सगळे सोडले आणि घरात जाहीर केले की कडधान्ये आणि कच्च्या भाज्या आपल्याला सोसत नाहीत.

या निष्कर्षाला शास्त्रीय आधार नाही. चूक पदार्थांची नव्हती, वेगाची होती. आणि त्या चुकीत निम्मा वाटा सल्ला देणाऱ्याचा आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी सुरू करताना कोणताही डॉक्टर पहिल्या दिवशी पूर्ण मात्रा देत नाही, कारण पोट बिघडते हे त्याला ठाऊक असते. थोडी मात्रा, मग हळूहळू वाढ. फायबरबाबत मात्र एक ओळ लिहून मोकळे व्हायचे, मात्रा नाही, मुदत नाही, पाण्याचा उल्लेख नाही. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी हे कारण खरे आहे, पण त्याने रुग्णाचे पोट फुगायचे थांबत नाही.

गृहस्थांचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. पूर्वीच्या जेवणात दोन-तीन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण-भात आणि पोहे मिळून दिवसाला सुमारे १८ ग्रॅम फायबर जात होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी किमान २५ ग्रॅम सांगते, म्हणजे कमतरता होती, पण प्रचंड नव्हती. सोमवारी त्यात मटकीचे ६, सॅलडचे ९, कोंड्याचे ६ आणि राजम्याचे ७ ग्रॅम मिळाले. भाताचे थोडे वजा केले तरी बेरीज ४५ ग्रॅमच्या घरात जाते. रविवारी १८ आणि सोमवारी ४५. गरज होती दहा-बारा ग्रॅमची, तीही सावकाश.

पोटात नेमके काय घडते ते पाहिले की फुगण्याची भीती कमी होते. फायबर म्हणजे वनस्पतीतला असा भाग जो आपल्या लहान आतड्याला पचवता येत नाही. कडधान्यांत याशिवाय रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारे पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतेच. त्यामुळे हा सारा माल जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोहोचतो. तिथे अब्जावधी जिवाणू वाट पाहत असतात. ते हा माल आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही लोकांत मिथेन वायू तयार होतो. डोशाचे पीठ रात्रभरात फुगून भांड्याबाहेर येते, त्याच जातीची ही क्रिया आहे. ती वाईटही नाही. या आंबवण्यातूनच मोठ्या आतड्याच्या अस्तराला पोसणारी काही आम्ले मिळतात.

अडचण अशी की आतड्यातली जिवाणूंची वस्ती रोजच्या जेवणाप्रमाणे ठरलेली असते. एकदम दुप्पट-अडीचपट माल आला की वायू झपाट्याने होतो आणि आतड्याला तो तेवढ्या वेगाने पुढे सरकवता येत नाही. तोच माल थोडाथोडा वाढत गेला तर काही आठवड्यांत वस्ती बदलते, आतडेही सरावते आणि बहुतेकांची तक्रार कमी होते. ॲसिडिटीची गोळी इथे का चालली नाही हेही यावरून कळेल. ती जठरातले आम्ल कमी करते, आणि हा सगळा उद्योग मोठ्या आतड्यात चाललेला असतो.

आता बद्धकोष्ठाचे कोडे. गव्हाचा कोंडा पाण्यात फारसा विरघळत नाही. तो पाणी धरून ठेवतो, मळाला आकारमान देतो आणि पुढे ढकलायला मदत करतो. पण धरायला पाणी हवे. हे गृहस्थ काउंटर सोडून सारखे उठावे लागू नये म्हणून दिवसभरात चहा धरून चार-पाच पेले द्रव घेत होते. मोठे आतडे मळातले पाणी शोषून घेण्याचे काम करतच असते. कोरडा कोंडा, कमी पाणी आणि दिवसभर खुर्चीत बैठक, यातून मळ मोठा आणि घट्ट झाला, आणि त्याच्या मागे वायू अडकून राहिला. नुसते भरपूर पाणी प्यायल्याने बद्धकोष्ठ सुटतेच असे नाही. पण फायबर वाढवून पाणी न वाढवणे हा त्रास ओढवून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. इसबगोलाला हे आणखी लागू पडते. एक मोठा चमचा घेतला तर त्यासोबत पूर्ण पेलाभर पाणी हवेच. कोरडा तोंडात टाकून घोटभर पाण्यावर गिळला तर तो अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो.

त्यांना दिलेला कार्यक्रम साधा होता. आधी चार दिवस जुनेच जेवण, पोट सपाट होईपर्यंत. पहिल्या आठवड्यात फक्त दोन बदल केले. पीठ चाळायचे बंद आणि पाणी दिवसभरात विभागून आठ पेले. (घरच्या पिठातला कोंडा चाळून टाकायचा आणि दुकानातून पाकिटातला कोंडा विकत आणायचा, हा आपल्याकडचा एक अजब व्यवहार आहे. पाकीट बंद केले.) दुसऱ्या आठवड्यात दुपारी छोटी वाटी कोशिंबीर, काकडी-गाजराची, कच्चा कोबी आणि कांदा वगळून, कारण हे दोन्ही वायू जास्त करतात. तिसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी मटकीची उसळ एक दिवसाआड, चौथ्यात रोज. पाचव्यात अर्धा पेरू, पूर्ण पिकलेला, नीट चावून. म्हणजे आठवड्याला दोन-तीन ग्रॅमची वाढ. सहाव्या आठवड्यात ते ३० ग्रॅमच्या आसपास पोहोचले.

नियम एकच होता. एका वेळी एकच नवा पदार्थ. पोट फुगले तर सगळे सोडायचे नाही, शेवटची वाढ निम्मी करायची आणि तिथेच आठवडाभर थांबायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांना तसे थांबावे लागलेही. एका वेळी एकच पदार्थ वाढवलेला असल्यामुळे मटकीनेच होते आहे हे कळले. पहिल्या वेळी चार गोष्टी एकदम सुरू केल्यामुळे दोष कोणाचा हे कळायला मार्ग नव्हता.

मटकी कच्ची न खाता उसळ का, असा प्रश्न घरच्यांनी विचारला, कारण कच्चे म्हणजे जास्त पौष्टिक अशी समजूत पक्की आहे. मोड आणल्याने वायू करणाऱ्या शर्करा बऱ्याच घटतात, हे खरे. राजमा, छोले, वाटाणे यांनाही रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले आणि ताज्या पाण्यात मऊ शिजवले तर फायदा होतो. पाण्यासोबत थोडी जीवनसत्त्वे जातात, तेवढी गेली तरी चालतील. पण मोड आणण्यासाठी लागणारा ओलावा आणि ऊब जंतूंनाही मानवते. म्हणून मोडाची कडधान्ये निदान वाफवून खावीत. शिजवल्याने त्यातले फायबर नाहीसे होत नाही.

सहा आठवड्यांनंतरही वायू सरणे थांबले नव्हते, आणि थांबणार नाही. निरोगी माणसातही ते दिवसातून दहा-वीस वेळा होते. पट्टा मात्र जुन्या भोकावर आला आणि शौचास रोज, न कुंथता होऊ लागली.

हा कार्यक्रम सगळ्यांना जसाच्या तसा लावू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी आठ पेल्यांचा हिशेब धरू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कोंडा किंवा इसबगोल तिच्यासोबत घेऊ नये, गोळी नीट शोषली जात नाही. आतड्याच्या क्षयाने आतडे अरुंद झालेले असेल किंवा पोटाच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतडी चिकटलेली असतील, तर कच्चा चोथा तिथे अडकू शकतो. अशा रुग्णाचे पोट फुगले, कळा आणि उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वायू दोन्ही बंद झाले, तर ओवा-हिंग देत घरी बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर ‘गॅस आहे’ असे स्वतःच ठरवू नये. या गृहस्थांनी ईसीजी काढला ते योग्यच केले.

आणि जेवणात काहीही बदल नसताना पोट फुगू लागले, वजन उतरले, शौचातून रक्त पडले किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली, तर फायबरचा हिशेब बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे पोट दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज फुगलेले राहत असेल, थोड्याशा खाण्याने भरल्यासारखे वाटत असेल, तर बीजकोशाच्या कर्करोगाची शक्यता तपासायला पोटाची सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला लागतो. घरातल्या बायका हे दुखणे ‘वात झाला’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढतात.