पन्नास हजारांचं डिडक्टिबल कोणी घ्यावं?

नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाढलेला दिसला की एजंट हल्ली एक तोडगा हमखास सुचवतात. ‘साहेब, डिडक्टिबल घेऊन टाका. तसंही तुम्ही क्लेम करता कुठे?’ मूळ पॉलिसी तीच, विमा रक्कम तीच. फक्त वर्षभरातल्या रुग्णालयाच्या खर्चातले पहिले पंचवीस किंवा पन्नास हजार, काही योजनांत लाख किंवा त्याहूनही जास्त, तुम्ही भरायचे आणि त्यापुढचे कंपनीने. बदल्यात हप्त्यात सूट. सौदा वाईट नाही. पण तो कोणाशी होतोय यावर सगळं अवलंबून आहे.

समजा, पुण्यातलं एक चौकोनी कुटुंब आहे. नवरा-बायको चाळिशीच्या अलीकडचे, दोन मुलं, दहा लाखांची फ्लोटर पॉलिसी, हप्ता २४,००० रुपये. पन्नास हजारांच्या डिडक्टिबलवर २५ टक्के सूट मिळाली, तर वर्षाला ६,००० वाचतात. आता ५०,००० ला ६,००० ने भागा. उत्तर येतं आठ वर्षं आणि चार महिने. म्हणजे या घरात मोठ्या बिलाचं एखादं आजारपण आठ वर्षांच्या आत येऊन गेलं, तर सुटीतून वाचवलेलं सगळं त्यात गेलं आणि वर खिशालाही चाट बसली. चार माणसांच्या घरात आठ वर्षांत कोणीच दाखल होणार नाही, यावर पैज लावायला मी तरी धजावणार नाही.

त्यात आयकराचा एक पदर आहे, तो एजंट सांगत नाही. हे कुटुंब जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची वजावटही ६,००० रुपयांनी घटते. उपकर धरून १,८७२ रुपये कर वाढतो. खरी बचत उरते ४,१२८ रुपये, आणि आठ वर्षांची बारा वर्षं होतात. नव्या करप्रणालीत ही वजावटच नसल्याने पहिलाच हिशेब लागू. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी गेला. जुन्या माहितीपत्रकातली बचत जीएसटी धरून दाखवलेली असेल, तर तो आकडा आज फुगलेला आहे.

आता याच घरात डेंग्यू आला. बिल ८२,००० रुपये. त्यातले हातमोजे, सॅनिटायझर, नोंदणी शुल्क असे ७,००० रुपये पॉलिसीत बसत नाहीत. डिडक्टिबल मोजलं जातं ते मान्य झालेल्या रकमेवर, म्हणजे ७५,००० वर. कंपनी देणार २५,००० आणि घरातून जाणार ५७,०००. ‘पन्नासच भरायचे होते ना?’ हा प्रश्न टीपीए डेस्कसमोर उभं राहून विचारण्यापेक्षा पॉलिसी घेताना विचारलेला बरा. कॅशलेस असलं तरी ही रक्कम रुग्णालय डिस्चार्जपूर्वी रोख किंवा कार्डावर घेतंच.

त्यापुढची चूक तर फारच सर्रास होते. समजा, डेंग्यूची मान्य रक्कम ३८,००० च होती. ‘पन्नासच्या आत आहे, कंपनी काही देणार नाही’ म्हणून बिलं ड्रॉवरमध्ये पडून राहिली. चार महिन्यांनी मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन, मान्य रक्कम १,१०,०००. डिडक्टिबल वर्षभराचं एकत्रित असेल, तर आधीचे ३८,००० मोजले जाऊन आता फक्त १२,००० भरायचे असतात. पण पहिल्या आजारपणाची कंपनीकडे नोंदच नसेल, तर ते कोण मोजणार? तेव्हा एक पैसा मिळणार नसला, तरी क्लेम कळवायचा आणि कागद जमा करायचे. कंपनीने काहीच दिलं नाही तर नो-क्लेम बोनसला सहसा धक्का लागत नाही, तरी आपल्या पॉलिसीतलं ते कलम वाचून घ्यावं.

वर्ष म्हणजे पॉलिसीचं वर्ष, हेही ध्यानात असू द्या. नूतनीकरण १० जूनला असेल, तर मे महिन्यात एका डोळ्याचा मोतीबिंदू आणि जुलैत दुसऱ्याचा, म्हणजे डिडक्टिबल दोनदा. डॉक्टरांच्या दृष्टीने हरकत नसेल, तर दोन्ही डोळे एकाच पॉलिसी वर्षात उरकणं शहाणपणाचं.

मग हे घ्यावं तरी कोणी? माझ्या मते पहिला मान नोकरदाराचा, ज्याला कंपनीचा समूह विमा आहे. हिंजवडीतल्या नोकरीत पाच लाखांचं कव्हर असेल, तर छोटी आजारपणं तिथेच निभावतात आणि मोठ्या बिलात समूह विम्याने दिलेली रक्कम बहुतेक योजनांत डिडक्टिबलमध्ये धरली जाते. त्यासाठी पहिल्या विमा कंपनीचं सेटलमेंट पत्र आणि रुग्णालयाने साक्षांकित केलेल्या बिलांच्या प्रती दुसरीकडे द्याव्या लागतात. नोकरी आहे तोवर अशा माणसाला सूट जवळपास फुकट मिळते.

इथेच मोह होतो. पन्नास हजारांवर इतकी सूट, तर पाच लाखांवर किती! कंपनीचं कव्हर पाच लाखांचंच आहे, म्हणजे जोड अगदी चपखल. पण समूह विमा नोकरीला बांधलेला असतो. पन्नाशीत नोकरी गेली, की पाच लाखांचं ते डिडक्टिबल उघडं पडतं, आणि ते कमी करायला गेलात तर कंपनी त्याला वाढीव जोखीम समजते. पुन्हा प्रकृतीची छाननी होते, नकार येऊ शकतो, वाढलेल्या भागावर प्रतीक्षा कालावधी नव्याने लागू शकतो. तोवर साखर आणि रक्तदाब घरात आलेले असतात. काही योजनांत ठराविक वर्षांनी डिडक्टिबल काढून टाकण्याची सोय असते. तिच्या अटी घेतानाच पाहाव्यात, विशेषतः वयाची. म्हणून सुटीचा तक्ता बाजूला ठेवून आधी बँकेचं पासबुक उघडावं. नोकरी नसताना, कुणापुढे हात न पसरता, आठवड्याभरात जेवढी रक्कम उभी करता येईल, तेवढंच डिडक्टिबल. कंपनीचं कव्हर त्यावरचा बोनस समजावा.

दुसरा गट व्यावसायिकांचा. ज्यांच्याकडे लाख-दोन लाख लिक्विड फंडात कायम पडून असतात आणि ज्यांना विमा हृदयविकार-कर्करोगासारख्या लाखोंच्या खर्चासाठीच हवा आहे. त्यांनी पन्नास हजारांचं जरूर घ्यावं, पण वाचलेले पैसे खरोखर बाजूला पडत असतील तरच.

ज्येष्ठांना मात्र मी हे सुचवत नाही. त्यांचा हप्ता मोठा, म्हणून सुटीचा आकडाही डोळ्यांत भरतो. पण दाखल होण्याची वेळही वरचेवर येते, आणि डायलिसिस किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांना तर पन्नास हजार दरवर्षी न चुकता भरावे लागतील. शिवाय ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत दहा-वीस टक्के को-पे आधीच असतो. डिडक्टिबल वजा झाल्यावर उरलेल्या रकमेतूनही तो कापला गेला, तर लाखाच्या मान्य बिलावर हातात चाळीस-पंचेचाळीस हजारच पडतात.

पॉलिसी हातात आली की शेड्यूलचं पान उघडून डिडक्टिबलसमोर ‘वार्षिक एकत्रित’ लिहिलंय की ‘प्रत्येक क्लेमला’, एवढं तपासा. प्रत्येक क्लेमला असेल, तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो, कारण तीनदा दाखल झालात की तीनदा पन्नास हजार. पॉलिसी नवी असेल, तर हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते.