परिषदेचा अहवाल : वृत्तान्त नव्हे, प्रस्ताव

परिषदेहून परतलेल्या कर्मचाऱ्याचा अहवाल बहुधा दैनंदिनीसारखा असतो : पहिल्या दिवशी उद्घाटन, दुसऱ्या दिवशी चार व्याख्याने, अखेरीस आभार. तो वाचून व्यवस्थापकास काहीच ठरवता येत नाही. पेढीत काय बदलावे, त्यास खर्च किती आणि आपली संमती नेमकी कशास हवी, एवढेच त्यास जाणून घ्यायचे असते.

हार्डवेअरच्या एका घाऊक पेढीचे उदाहरण कल्पावे. तिचे गोदामप्रमुख साठा-व्यवस्थापनाच्या परिषदेस जाऊन आले. वर्षाअखेरीस एकदाच सारा माल मोजण्याऐवजी रोज थोडा मोजावा आणि मौल्यवान माल अधिक वेळा मोजावा, हे त्यांनी तेथे ऐकले. ‘फिरत्या मोजणीची उपयुक्त माहिती मिळाली’ असे त्यांनी लिहिले असते, तर कागद फाइलीत पडून राहिला असता.

म्हणून त्यांनी अहवालाच्या पहिल्याच ओळीत मागणी मांडली : ‘तीन महिने फिरती मोजणी करून पाहण्यास संमती हवी.’ त्याखाली पेढीची स्थिती दिली. एकूण वस्तू 1,200. त्यांपैकी 240 वस्तूंमध्ये बहुतेक भांडवल गुंतलेले. महिन्याचे कामाचे दिवस 24 धरल्यास रोज केवळ दहा वस्तू मोजाव्या लागतात. भांडारपालाने सकाळी मालाची ने-आण सुरू होण्यापूर्वी त्या मोजाव्यात. अंदाजे अर्धा तास लागेल. नवे यंत्र वा सॉफ्टवेअर नको.

पुढे त्यांनी यशाची कसोटी सांगितली. मोजलेल्या शंभर वस्तूंपैकी किती वस्तू वहीशी तंतोतंत जुळल्या, हा आकडा दर महिन्यास नोंदवावा. फरक आढळताच वहीतील आकडा बदलून मोकळे होऊ नये, कारण त्याने मूळ दोष झाकला जातो. बिलाविना माल गेला, पेटीऐवजी नग लिहिले गेले, की माल दुसऱ्या फळीवर ठेवला गेला, हे कारणही लिहावे. तीन महिन्यांत आकडा सुधारला नाही आणि कारणेही उमगली नाहीत, तर प्रयोग थांबवावा.

अहवालात आणखी एक प्रामाणिक नोंद होती. बारकोड-यंत्राची शिफारस करणारे वक्ते स्वतःच त्या यंत्राचे विक्रेते होते. शिवाय ज्या गोदामाचा दाखला त्यांनी दिला, ते या पेढीच्या गोदामाहून कितीतरी मोठे होते. म्हणून त्या खरेदीचा प्रस्ताव मांडला नाही. मोजणीचे निष्कर्ष हाती आल्यावरच त्याचा विचार व्हावा, एवढेच लिहिले.

असा अहवाल दोन पानांत मावतो. टिपणे ताजी असताना, परतल्यापासून दोन-तीन दिवसांत तो लिहावा आणि त्यात दोन-तीनच प्रस्ताव ठेवावेत. प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख हवी. ज्या मुद्द्यापुढे ही दोन्ही लिहिता येत नाहीत, तो प्रस्ताव नव्हे, केवळ माहिती. त्याची जागा शेवटच्या परिच्छेदात.