मालिकेची अक्षरं कधी पाहायची?

केरळच्या लॉटरीत एकाच सहा आकडी क्रमांकाची तिकिटं निरनिराळ्या मालिकांत छापलेली असतात. पहिल्या बक्षिसाला मालिकेची अक्षरं आणि सहाही आकडे जुळावे लागतात. आकडे तेच पण मालिका वेगळी, तर उत्तेजनार्थ बक्षीस. छोट्या बक्षिसांना मात्र शेवटचे चार आकडेच पुरतात. तिकीट ४८३१६२ असेल तर यादीत ३१६२ शोधा, अक्षरं सोडून द्या. अक्षरं जुळली नाहीत म्हणून लागलेलं तिकीट फाडणारे महाभाग असतातच! निकाल सरकारी राजपत्राशी ताडा, तिकिटाच्या मागे नाव-पत्ता लिहून सही करा. पाच हजारांपर्यंतची रक्कम केरळातला विक्रेताही देतो, पण तिकीट तीस दिवसांत द्यायला हवं. तोवर तिकिटाचा फोटो कुणालाही पाठवू नका.